नव्वद सेकंदांची संहिता आम्ही शेवटाकडून लिहिली, त्याची हकिगत

२ जूनला एका गुंतवणूक कार्यक्रमाचे अर्ज सुरू झाले आणि २८ जूनच्या मध्यरात्री ते बंद होणार होते. अर्जात सोळा रकाने होते. त्यांपैकी पंधरा रकाने मी आणि माझा सहसंस्थापक यांनी दोन संध्याकाळींत भरून टाकले. सोळाव्या रकान्यात फक्त एवढेच लिहिले होते : नव्वद सेकंदांपर्यंतचा पिच व्हिडिओ, समस्या, उपाय, ट्रॅक्शन आणि निधीची मागणी या क्रमाने, दुवा द्यावा. ट्रॅक्शन म्हणजे ग्राहकांमध्ये धंद्याने आतापर्यंत किती पकड घेतली, याचा पुरावा. उरलेले तीन आठवडे या एका रकान्याने खाल्ले. ज्यांना अशी संहिता पहिल्यांदाच लिहायची आहे, त्यांच्यासाठी ते दिवस जसे गेले तसे लिहून ठेवते आहे.

आमचे काम थोडक्यात सांगते, कारण पुढची उदाहरणे त्यातलीच आहेत. लहान दवाखान्यांत लसी ज्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या असतात, त्या फ्रिजच्या तापमानावर लक्ष ठेवणारे एक उपकरण आम्ही बनवतो. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेने त्या खराब होतात हे सगळ्यांना माहीत असते, पण त्यांतल्या काही लसी गोठल्यानेही कायमच्या निकामी होतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

पहिला मसुदा मी ५ जूनला एका बैठकीत लिहून काढला. त्यात आधी आमचा परिचय होता, मग ही कल्पना कशी सुचली ते, मग सेन्सरची माहिती, बाजारपेठेचा आकार, स्पर्धक आणि सर्वांत शेवटी, जवळजवळ ओशाळल्यासारखी, पैशांची मागणी. शब्द भरले ४१२. घड्याळ लावून शांतपणे वाचले, तर तीन मिनिटे चाळीस सेकंद लागली. म्हणजे माझ्या नेहमीच्या बोलण्याच्या गतीने मिनिटाला साधारण ११२ शब्द होतात आणि नव्वद सेकंदांत १६८ बसतात. हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या आवाजावरच करावा. इंग्रजी बोलण्यासाठी मिनिटाला १३० ते १५० शब्दांचा जो आकडा सर्रास दिला जातो, तो मराठीला लागू पडत नाही, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि शब्द लांबतो. ‘दवाखान्यांपैकी’ हा मोजायला एकच शब्द आहे, पण म्हणायला सहा अक्षरे लागतात.

पुढचे तीन दिवस मी एक चूक मन लावून केली. मसुद्याचा सांगाडा तसाच ठेवून प्रत्येक वाक्य छाटत गेले आणि २३० शब्दांवर येऊन थांबले. मग ते शब्द भराभर वाचून एक मिनिट बत्तीस सेकंदांत बसवले. सहसंस्थापकाने ऐकून घेतले आणि म्हणाला, “तू ठळक बातम्या वाचल्यासारखी वाचतेयस. मला सगळं माहीत असून मागं पडायला होतंय.” त्याचे म्हणणे खरे होते. काय सांगायचे याचा निर्णय मी घेतलाच नव्हता. सगळेच थोडे थोडे सांगायचे, असे धरून मी चालले होते.

११ जूनला एका अनुभवी गृहस्थांकडे गेलो. त्यांनी स्वतः कंपनी चालवलेली आहे आणि आता ते लहान रकमा नव्या कंपन्यांत गुंतवतात. मसुदा त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारले, “तुम्हाला किती हवेत आणि तेवढ्यातून नेमकं काय होणार, हे एका वाक्यात सांगा.” मी म्हटले, “सर, एक कोटी.” त्याच क्षणी सहसंस्थापक म्हणाला, “दोन.” आणि अर्जात आम्ही दीड कोटी लिहिले होते, ते दोघांच्या मनातल्या आकड्यांचा मध्य साधून. सर हसले नाहीत. एवढेच म्हणाले, “शेवटचं वाक्य आधी लिहा. ते पक्कं झालं, की त्याच्या आधी काय सांगावं लागेल ते आपोआप कळेल. व्हिडिओ समस्येपासून सुरू होतो, पण संहिता मागणीपासून लिहायची असते.”

त्यानंतरचे चार दिवस आम्ही संहितेचा एक शब्दही लिहिला नाही, फक्त आकडेमोड केली. पगार, भाडे, उपकरणांचे सुटे भाग आणि प्रवास धरून आमचा पुढचा मासिक खर्च साडेसात लाखांवर जाणार होता. मुदत आम्ही अठरा महिन्यांची धरली. बारा महिन्यांची का नाही, तर पुढच्या फेरीचा निधी उभा करण्यातच पाच-सहा महिने सहज जातात. बारा महिन्यांचे पैसे घेतले, तर सहाव्या महिन्यापासून पुन्हा पैसे मागत फिरावे लागते आणि दाखवायला निम्मेच काम हाती असते. अठरा गुणिले साडेसात म्हणजे एकशे पस्तीस लाख. उपकरणाचे प्रमाणीकरण आणि त्यासाठीच्या चाचण्या यांचा एकरकमी खर्च पंचवीस लाख. एकूण एक कोटी साठ लाख. वर्गणीचे उत्पन्न आम्ही मुद्दाम धरले नाही, ते अडीअडचणीसाठी राहू दिले. अर्जाचा मसुदा जतन केलेला असल्यामुळे दीड कोटीचा आकडा बदलता आला. अर्जातली रक्कम आणि व्हिडिओतली रक्कम वेगवेगळी निघणे ही छाननी करणाऱ्यांच्या नजरेत सर्वांत आधी भरणारी विसंगती आहे, तेव्हा शेवटी दोन्ही समोरासमोर ठेवून एकदा ताडून पाहावे.

रक्कम ठरली, तेवढ्यातून काय होणार, हे ठरवणे जास्त अवघड गेले. सहसंस्थापकाला ‘अठरा महिन्यांत तीनशे दवाखाने’ असे म्हणायचे होते. ऐकायला छान वाटते. पण त्या दिवशी आमचे पैसे देणारे दवाखाने सव्वीस होते आणि मागच्या सहा महिन्यांत त्यांत पंधरांची भर पडली होती, म्हणजे महिन्याला अडीच. तीनशेवर जायचे, तर महिन्याला पंधरा हवेत. सहापट वेग कशाने येणार, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. मग उलट बाजूने मोजले. आज दवाखान्यांत जाऊन उपकरण बसवण्याचे काम सहसंस्थापक एकटा करतो. आणखी दोघांना घेतले, तर तिघे मिळून महिन्याला साडेसात होतील, पण त्या दोघांना शोधून तयार करण्यात पहिले तीन महिने जातील. म्हणजे तीन महिने अडीचच्या गतीने आणि पंधरा महिने साडेसातच्या गतीने, अशी सुमारे एकशे वीसची भर पडेल. मधल्या काळात काही जण सोडून जातील, ते वजा केले आणि आकडा एकशे तीसवर ठेवला. सरांना फोनवर सांगितले, तर ते म्हणाले, “आता हा आकडा मी विचारला, तर तुम्ही मला कागदावर मांडून दाखवू शकता. तीनशे विचारला असता, तर काय दाखवलं असतंत?”

कंपनीचे मूल्यांकन आणि किती हिस्सा देणार, हे व्हिडिओत घालायचे की नाही यावरही एक संध्याकाळ गेली. आम्ही ते घातले नाही. तो घासाघिशीचा विषय आहे. समोर माणूस नसताना एक आकडा सांगून बसलो, तर पुढे त्याच्या वर जाता येत नाही आणि खाली यावेसे वाटत नाही.

मागणी लिहून झाल्यावर ट्रॅक्शनच्या भागाला एकदम काम मिळाले. आता त्याला एवढेच सिद्ध करायचे होते की दवाखाने या गोष्टीसाठी पैसे देतात आणि देत राहतात, कारण मागणीतला एकशे तीसचा आकडा याच दोन पायांवर उभा होता. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘पासष्ट दवाखाने आमच्यासोबत आहेत’ असे वाक्य होते आणि त्या वाक्याखाली चढत जाणारा आलेख. ते पासष्ट कोण, हे वहीत फोडून लिहिले, तेव्हा माझीच मला लाज वाटली. पंधरा दवाखान्यांनी उपकरण घेण्याची इच्छा फक्त पत्राने कळवली होती; त्यांच्याकडे उपकरण बसलेच नव्हते. नऊ जणांनी उपकरण परत केले होते. उरलेल्या एकेचाळीस ठिकाणी उपकरण चालू होते, पण त्यांतले पंधरा मोफत चाचणीवर. पैसे देणारे सव्वीस. एकही आकडा खोटा नव्हता, तरी वाक्य खोटे होते. आलेखही एकत्रित बेरजेचा होता, आणि असा आलेख कधी खाली येतच नाही. उद्या सगळ्या दवाखान्यांनी उपकरणे परत केली, तरी तो सपाट राहील, उतरणार नाही. ज्यांना रोज असे आलेख पाहावे लागतात, ते पहिली गोष्ट हीच तपासतात.

म्हणून आलेख काढला आणि त्या जागी तीन आकडे ठेवले : चालू उपकरणे, पैसे देणारे, आणि वर्ष संपल्यावर पुन्हा पैसे भरणारे. वर्ष पूर्ण झालेले दवाखाने अकरा होते आणि त्यांतल्या नऊ जणांनी नूतनीकरण केले होते. ‘ब्याऐंशी टक्के नूतनीकरण’ असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण अकरांवर टक्केवारी काढली, की एका दवाखान्याच्या येण्याजाण्याने आकडा नऊ टक्क्यांनी हलतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र शेकडो ग्राहकांचे चित्र उभे राहते. ‘अकरांपैकी नऊ’ हे खरेही आहे आणि बोलायलाही आटोपशीर आहे. गेलेल्या दोघांबद्दल बोलायचे की नाही, यावर आमचे चांगलेच वाजले. शेवटी बोलायचे ठरले, कारण ते का गेले हे आम्हाला ठाऊक होते आणि त्यावर उपायही केलेला होता. कारण ठाऊक नसते, तर मी तो विषय व्हिडिओत आणला नसता आणि भेटीसाठी उत्तर शोधत बसले असते.

समस्येचा भाग मला सर्वांत सोपा वाटत होता, आणि नेमका तिथेच मला एका डॉक्टरबाईंनी धरले. १६ जूनला त्यांच्या दवाखान्यात बसून मी समस्येचे वाक्य वाचून दाखवले : ‘थर्मामीटर फक्त आत्ताचे तापमान दाखवतो, रात्री काय झाले ते सांगत नाही.’ त्या म्हणाल्या, “ताई, आमचा थर्मामीटर कमाल-किमान दोन्ही दाखवतो. बघा.” खरेच दाखवत होता. या क्षेत्रातला कुणी परीक्षक असता, तर पहिल्या दहा सेकंदांतच त्याचा आमच्यावरचा विश्वास उडाला असता. मग मी विचारले, “किमान एक अंश दिसला, तर तो किती वाजता होता आणि किती वेळ होता, हे कळतं का?” त्या थांबल्या आणि त्यांनी फ्रिजवर लटकवलेली नोंदवही काढली. त्यात दिवसातून दोनदा तापमान लिहायचे असते. संपूर्ण महिनाभर, सकाळ-संध्याकाळ, एकाच शाईत आणि एकाच वळणात ‘४’ लिहिलेला होता. दवाखाना बंद असतो, त्या रविवारच्या रकान्यांतही चार अंशच. त्या स्वतःच हसल्या.

ते पान आमच्या समस्येचे चित्र झाले. दवाखान्याचे नाव दिसणार नाही अशा बेताने फोटो काढण्याची लेखी परवानगी आम्ही त्यांच्याकडून घेतली. बाजारपेठेबद्दलची तीन वाक्ये त्या एका पानाने अनावश्यक ठरवली. बाजारपेठेचा आकार व्हिडिओतून गेला, तो अर्जाच्या रकान्यात होताच.

उपायाच्या भागावर मात्र कात्री चालवण्यापलीकडे फारसे काही करावे लागले नाही. सहसंस्थापकाने सेन्सरचे अंशांकन आणि विदासाठवण यांवर दोन सुंदर परिच्छेद लिहिले होते. त्यांतले एकही वाक्य ‘मग दवाखान्यात काय बदलते?’ या प्रश्नाचे उत्तर देत नव्हते. तो एक दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

१८ जूनला आम्ही संहिता दोन रकान्यांत मांडली, डावीकडे काय दिसते आणि उजवीकडे काय ऐकू येते. हे आधीच करायला हवे होते. जे दिसते आहे ते पुन्हा बोलायचे नाही, एवढा एक नियम पाळला आणि चार वाक्ये गळाली. सगळे आकडे उजव्या रकान्यात अक्षरी लिहिले. कागदावर ‘४१’ आणि ‘२.५’ हे दोन इवलेसे ठिपके दिसतात, पण बोलताना त्यांचे ‘एकेचाळीस’ आणि ‘दोन पूर्णांक पाच दशांश’ होतात. अंकांत लिहिलेली संहिता कागदावर नेहमी लहान दिसते आणि कॅमेऱ्यासमोर गेल्यावर आठ-दहा सेकंद जास्त खाते. आमची तेवढ्याच फरकाने फसली होती.

वेळेची वाटणी शेवटी अशी झाली : समस्या बावीस सेकंद, उपाय बावीस, ट्रॅक्शन चोवीस आणि मागणी अठरा. बेरीज शहाऐंशी. उरलेले चार सेकंद भागांमधल्या विरामांसाठी रिकामे ठेवले. उजव्या रकान्यातला अंतिम मजकूर इथे जसाच्या तसा देते.

समस्या : “बहुतेक लसी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात. ही एका दवाखान्याची नोंदवही. महिनाभर चार अंश, दवाखाना बंद असतानाही चार अंश. रात्री फ्रिज बिघडला, तर किती अंश आणि किती वेळ, हे इथे कुणालाच कळत नाही. मग सगळा साठा फेकायचा, किंवा संशय मनात ठेवून तीच लस टोचायची.”

उपाय : “आमचे उपकरण दवाखान्याच्या आहे त्याच फ्रिजमध्ये बसते. वीज गेली, तरी बॅटरीवर चालते. तापमान मर्यादेबाहेर गेले, की ते फोन करते. पहिल्याने उचलला नाही, तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. सकाळी डॉक्टरांच्या हातात रात्रीची पूर्ण नोंद असते. काय ठेवायचे आणि काय फेकायचे, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.”

ट्रॅक्शन : “वीस महिन्यांत एकेचाळीस दवाखान्यांत उपकरण चालू झाले आहे. सव्वीस दवाखाने वार्षिक वर्गणी भरतात, पंधरा चाचणीवर आहेत. वर्ष पूर्ण झालेल्या अकरांपैकी नऊ जणांनी पुन्हा वर्गणी भरली. दोघे गेले, कारण त्यांचे इंटरनेट वारंवार बंद पडत असे. आता प्रत्येक उपकरणात सिमकार्ड आहे.”

मागणी : “आम्हाला अठरा महिन्यांसाठी एक कोटी साठ लाख हवे आहेत. त्यांतून प्रमाणीकरण पूर्ण होईल आणि वर्गणी भरणारे दवाखाने एकशे तीसवर जातील. प्रमाणीकरणाशिवाय मोठ्या रुग्णालयांच्या निविदा भरता येत नाहीत. उपकरण पाहण्यासाठी आम्हाला वीस मिनिटे द्या.”

शेवटच्या वाक्यात पैसे न मागता वीस मिनिटे मागितली आहेत, हे सरांनी सुचवले. नव्वद सेकंद पाहून कुणी धनादेश लिहीत नाही. फार तर भेट ठरवतो, म्हणून मागायचे ते भेटीचेच.

चित्रीकरण २१ जूनला घरीच फोनवर केले. खर्च म्हणाल तर कॉलरला लावायचा एक साधा माईक आणि एक पूर्ण दिवस. सतरा वेळा बोलले. समोर पूर्ण संहिता लावली, तर डोळे ओळीवरून सरकताना दिसतात. लेन्सच्या खाली फक्त चार भागांचे पहिले शब्द लिहून चिकटवले, तेव्हा ते थांबले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. सगळीकडे संहिता चालत नाही. नव्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेच्या अर्जात संस्थापकांचा सुमारे एका मिनिटाचा साधा व्हिडिओ मागतात आणि आधी लिहिलेले पाठ करून म्हणू नका, असे स्पष्ट सांगतात. म्हणून अर्जाची सूचना आधी वाचावी आणि मगच संहितेला हात घालावा.

२३ जूनला या क्षेत्राशी संबंध नसलेल्या चौघांना व्हिडिओ एकदाच दाखवला आणि तीन प्रश्न विचारले : अडचण कुणाची आहे, आम्ही काय करतो, आणि आम्हाला किती आणि कशासाठी हवे आहेत. मागणीचे उत्तर तिघांनी बरोबर दिले. पण दोघांनी विचारले, “म्हणजे तुम्ही फ्रिज बनवता का?” वर दिलेल्या उपायातले ‘आहे त्याच फ्रिजमध्ये’ हे शब्द त्या दिवशी आले, आधी तिथे ‘आमचे उपकरण लसी सुरक्षित ठेवते’ असे गुळमुळीत वाक्य होते. तेवढा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रित केला. कपडे तेच घातले, खिडकीतला उजेडही त्याच वेळेचा घेतला, तरी नीट पाहिले तर सांधा दिसतो. चौघांपैकी एकाने तर आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ पाहिला होता आणि त्याला काहीच कळले नव्हते, म्हणून मग चित्राखाली बोललेल्या मजकुराच्या ओळीही घातल्या.

२६ जूनला दुवा भरायला बसलो आणि तिथेही दोन गोष्टी अडल्या. पहिली म्हणजे शेवटच्या नावाच्या पाटीमुळे फाइल एक मिनिट एकतीस सेकंदांची झाली होती. मर्यादा नव्वदचीच होती, तेव्हा पाटी कापली. दुसरी अडचण जास्त घातक ठरली असती. यूट्यूबवर मी व्हिडिओ ‘खाजगी’ ठेवला होता. माझ्या संगणकावर तो छान उघडत होता, कारण मी माझ्या खात्यात शिरलेली होते. सहसंस्थापकाने दुसऱ्या फोनवर उघडला, तर व्हिडिओ उपलब्ध नाही असा संदेश आला. ‘असूचीबद्ध’ हा पर्याय निवडल्यावर दुवा असलेल्या कुणालाही तो दिसू लागला. पूर्ण जाहीर मात्र केला नाही. खाजगी कंपनीने चारचौघांत गुंतवणूक मागण्यावर अनेक देशांत कायद्याची बंधने आहेत आणि आमच्या व्हिडिओत रकमेसह मागणी होती. आमच्या वकिलांनी तो समाजमाध्यमांवर टाकू नका, असे बजावले होते. आणखी एक : यूट्यूबवर व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, नवी चढवली की दुवाही नवा मिळतो. त्यामुळे अर्ज पाठवण्याआधीच सगळे पाहून घ्यावे. आम्ही २७ जूनच्या दुपारी अर्ज पाठवला आणि पोच मिळालेल्या पानाचे चित्र जपून ठेवले.

तीन आठवड्यांत कळवू, असे पोचपावतीत म्हटले होते. चौथा आठवडा लागला. त्या दिवसांत मी रोज त्या व्हिडिओची प्रेक्षकसंख्या पाहत असे आणि ती बरेच दिवस आमच्या दोघांच्या पाहण्यानेच वाढत होती. २२ जुलैला वीस मिनिटांच्या ऑनलाइन भेटीचे पत्र आले आणि २५ जुलैला भेट झाली. पहिला प्रश्न उपकरणाबद्दल नव्हता. “ते दोन दवाखाने गेले म्हणालात, सिमकार्ड आल्यावर त्यांना पुन्हा विचारलंत का?” विचारले होते. एक परत आला, दुसऱ्याने नको म्हटले. दुसरा प्रश्न एकशे तीसचा होता, तेव्हा महिन्याला साडेसातचा कागद पडद्यावर मांडला आणि त्यावरच दहा मिनिटे गेली. नव्या दोघांना तयार करायला तीन महिने पुरतील कशावरून, असे त्यांनी विचारले. त्याचे समाधानकारक उत्तर आम्ही देऊ शकलो नाही.

त्यांनी मागितलेला महिनावार आकड्यांचा तक्ता २८ जुलैला पाठवला. निर्णय अजून कळलेला नाही. दरम्यान वर्गणी भरणारे दवाखाने सव्वीसचे एकोणतीस झाले आहेत, आणि आणखी एका कार्यक्रमाचा अर्ज १२ ऑगस्टला उघडतो आहे, तेव्हा ट्रॅक्शनचे चोवीस सेकंद पुन्हा बोलावे लागतील. तेच कपडे धुऊन ठेवले आहेत.